शेवटच्या ध्रुवपदाभोवती: मराठी गाण्यातली व्हायोलिनची दुसरी धून

मराठी गाण्याविषयी लिहिताना आपण तीन माणसांची नावे घेतो: कवी, संगीतकार आणि गायक. रेकॉर्डच्या वेष्टनावरही सहसा तीच तीन असत. मात्र गाणे संपत आले, ध्रुवपद शेवटचे म्हणून परतले की आवाजाच्या मागून, कधी वरून, व्हायोलिनांची एक वेगळीच ओळ वाहू लागते. ती मूळ चाल नसते, दोन कडव्यांमधले ‘म्युझिक’ही नसते. गायक गात असतानाच ती आपल्या वाटेने जाते आणि तरी त्याला सोडत नाही. स्टुडिओतली माणसे तिला ‘काउंटर’ म्हणतात. मराठीत ‘प्रतिधून’ म्हणता येईल, पण मी रुळलेलाच शब्द वापरणार आहे. ती बहुतेक वेळा संगीतकार लिहीत नाही, संगीत संयोजक लिहितो, आणि म्हणूनच आपल्या गीतसमीक्षेत तिला जागा मिळालेली नाही. ही ओळ कशी लिहिली जाते, कुठे बिघडते आणि गाण्याच्या अर्थात काय घालते, हे या लेखात पाहायचे आहे.

माझे संगीताचे शिक्षण रीतसर नाही. राहुरीत राहून, हार्मोनियमवर एकेक स्वर शोधत, विकत घेतलेल्या पुस्तकांतून पाश्चात्त्य स्वरलेखन शिकत मी इथवर आलो. त्यामुळे हा लेख मी सरगमच्या भाषेत मांडतो. वाचकाला पेटीवर बोट ठेवता येत असेल तर यातले सगळे पडताळून पाहता येईल.

गोव्याची वही आणि रागाची अडचण

काउंटर लिहिण्याची विद्या आपल्याकडे मुख्यतः गोव्यातून आली. पोर्तुगीज काळात चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या शाळांत मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. त्यातली पुष्कळ मुले पुढे मुंबईच्या स्टुडिओंत पोहोचली. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सुमारे दोन दशके संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा त्यांतले एक, आणि सासष्टीतल्या माजोर्ड्याचे, १९२७ साली जन्मलेले अँथनी गोन्साल्विस दुसरे. चाल संगीतकाराची असे, पण पन्नासेक वादकांपुढच्या कागदांवर कोणी काय वाजवायचे हे या माणसांच्या वहीतून उतरे.

गोन्साल्विस यांना हिंदुस्थानी रागांची मनापासून ओढ होती. १९५८ साली मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या पटांगणात त्यांनी मोठ्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम केला. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले होते. राग आणि अनेक स्वरांची एकत्र गुंफण या दोन गोष्टी एका कागदावर आणता येतील का, हा त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न आजही प्रत्येक काउंटरमध्ये नव्याने उभा राहतो. पुढे मराठीत अनिल मोहिले यांच्यासारखा, स्वतः व्हायोलिन वाजवणारा संयोजक आला. भावगीताचा शब्द आणि तंतुवाद्यांचा ताफा या दोहोंची नाडी त्यांना कळत होती.

अडचण नेमकी काय आहे, ती भूपाच्या उदाहरणाने लगेच दिसते. पाश्चात्त्य पद्धतीत दुसरी ओळ लिहिण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे मूळ स्वरापासून तिसरा स्वर घेऊन समांतर चालणे. ‘सा’वर ‘ग’, ‘ग’वर ‘प’, ‘ध’वर वरचा ‘सा’, इथपर्यंत सारे ठीक चालते. पण ‘रे’वर तिसरा स्वर येतो ‘म’ आणि ‘प’वर येतो ‘नि’. भूपात हे दोन्ही वर्ज्य आहेत. गायक भूप गातो आहे आणि व्हायोलिन त्याच क्षणी भूप मोडते आहे, असा प्रकार होतो. ऐकणाऱ्याला रागाचे नाव ठाऊक नसले तरी गाणे अचानक ‘इंग्रजी’ झाल्याचे त्याला जाणवते.

मग म आणि नि टाळून, रागातलेच स्वर घेऊन समांतर गेले तर? सा-ग, रे-प, ग-ध, प-सां, ध-रें अशा जोड्या पडतात. त्यांतली पहिली जोडी गोड, उरलेल्या चारही चौथ्या स्वराच्या अंतरावर. म्हणजे ओळ रागात राहिली, पण कोरडी झाली. त्यात भर म्हणजे ती चालीची सावलीच राहिली, तिला स्वतःचा आकार आला नाही. समांतर जाण्याचा मार्ग आपल्या पंचस्वरी चालींत दोन्ही बाजूंनी बंद होतो तो असा. संयोजकाला दुसरी वाट शोधावी लागते, आणि ती वाट स्वरांपेक्षा वेळेतून जाते.

आवाज थांबतो तेव्हा

ही वाट मला पटते ती एका साध्या निरीक्षणामुळे. मराठी गीताच्या ओळीत शब्द बहुधा पुढच्या अर्ध्या भागात गोळा होतात, आणि ओळीच्या शेवटी, यमकाच्या अक्षरावर, आवाज लांबवला जातो. अभंगापासून भावगीतापर्यंत ही सवय दिसते. म्हणजे प्रत्येक आवर्तनात अर्धा काळ आवाज हलतो आणि अर्धा काळ टिकून राहतो. काउंटरचा नियम यातूनच निघतो: आवाज हलत असताना तंतुवाद्यांनी थांबावे, आवाज थांबला की त्यांनी हलावे. ‘भोवती गुंफणे’ म्हणतात ते हेच.

मी एक छोटी चाल मुद्दाम बांधून घेतली आहे. भूपातली, केरव्यातली, चार आवर्तनांची. कोणत्याही प्रसिद्ध गाण्याची नाही, त्यामुळे आठवणीतल्या गोडव्याचा अडथळा येणार नाही. प्रत्येक आवर्तनाच्या आठ मात्रा, मध्ये दंड.

आवाज:
१) ग – रे ग | प – – –
२) ध प ग – | रे – – –
३) सा रे ग प | ग – – –
४) रे ग रे सा | सा – – –

मिनिटाला ऐंशी मात्रांची लय धरली तर एक आवर्तन सहा सेकंदांचे होते. म्हणजे दर ओळीशेवटी तंतुवाद्यांना तीन सेकंद मिळतात. ही सगळी जागा मिळूनही बारा सेकंदच होते. आता त्या जागेत लिहिलेली ओळ पाहा.

तंतुवाद्ये:
१) प – – – | प – ध सां
२) सां – – – | ध – प ध
३) सां – – – | सां रें गं रें
४) रें – – – | सां ध प ग

पहिल्या आवर्तनात गायक ‘ग रे ग’ फिरत असताना तंतुवाद्ये ‘प’ धरून आहेत. गायक ‘प’वर पोहोचतो तेव्हा दोघे क्षणभर एकाच स्वरावर भेटतात. दोन मात्रा ते एकत्र राहतात आणि मग तंतुवाद्ये त्याच्या हातातून हात सोडवून ‘ध’वरून ‘सां’वर चढतात. दुसऱ्या आवर्तनात आवाज ‘ध’वरून ‘रे’पर्यंत उतरतो, पण वरचा ‘सां’ जागचा हलत नाही. एक उतरतो आणि दुसरा थांबतो, म्हणून दोघांतले अंतर आपोआप वाढत जाते. मात्र आवाज ‘रे’वर टेकला की ‘सां’ त्याच्याशी ओढून धरल्यासारखा वाजू लागतो, म्हणून नेमक्या त्याच मात्रेला तंतुवाद्ये ‘ध’वर येतात. ‘रे’ आणि ‘ध’ हा पंचम-संवाद आहे, तिथे कान विसावतो.

तिसऱ्या आवर्तनाच्या शेवटी ओळीचे शिखर येते. आवाज ‘ग’वर स्थिर आहे आणि तंतुवाद्ये वरच्या ‘गं’ला स्पर्श करतात, म्हणजे गायकाचाच स्वर एक सप्तक वरून उमटतो. भूपाचा वादी गांधारच असल्याने रागाची ओळखही इथेच पक्की होते. चौथ्या आवर्तनात मात्र मी मुद्दाम एक खडा ठेवला आहे. चौथ्या मात्रेला आवाज ‘सा’वर पोहोचलेला असतो आणि तंतुवाद्ये अजून ‘रें’वरच रेंगाळतात. हे किंचित बोचते. पुढच्याच मात्रेला ती ‘सां’वर येतात आणि बोच मिटते. गाणे संपते आहे हे एकाला आधी कळले आणि दुसऱ्याला मागाहून, असा भाव त्या एका मात्रेत येतो. शेवटी गायक ‘सा’वर, तंतुवाद्ये ‘ग’वर.

त्या शेवटच्या ‘ग’मध्ये एक व्यावहारिक गोष्ट दडलेली आहे. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा धरला तर तो साधारण १३९ हर्ट्झचा असतो आणि त्याचा गांधार १७५ च्या आसपास. व्हायोलिनची सर्वांत खालची मोकळी तार १९६ ची. म्हणजे हा ‘ग’ व्हायोलिनवर मिळतच नाही. तो व्हिओलाला द्यावा लागतो आणि व्हायोलिनांना ‘प’वर थांबवावे लागते. कागदावर सुंदर दिसणारी ओळ वादकांपुढे ठेवल्यावर अडखळते ती अशा ठिकाणी. गायकाची पट्टी ऐन वेळी बदलली की संयोजकाला पुष्कळदा ही ओळ एका वाद्याकडून दुसऱ्याकडे सरकवावी लागते, त्याचे कारणही हेच.

शेवटचेच ध्रुवपद का?

हीच ओळ पहिल्या ध्रुवपदात का घालत नाहीत, याचे उत्तर शब्दांत आहे. पहिल्यांदा ऐकताना श्रोता शब्द पकडत असतो. त्या वेळी दुसरी धून चालू केली तर त्याचे लक्ष फाटते. शेवटच्या फेरीपर्यंत शब्द तीन-चार वेळा कानावरून गेलेले असतात, गायक पहिले अक्षर उच्चारतो आणि उरलेली ओळ श्रोता स्वतःच पुरी करतो. त्याच्या लक्षातला थोडा भाग मोकळा होतो आणि तेवढ्याच भागात काउंटर शिरते. म्हणून जाणता संयोजक पहिल्या ध्रुवपदात तंतुवाद्ये गप्प ठेवतो, मधल्या वेळी फक्त लांब स्वर धरायला लावतो आणि हालचाल शेवटासाठी राखतो. तीच ओळ तीनदा वाजवली तर तिसऱ्यांदा सांगण्यासारखे काही उरत नाही.

पण याच जागी दुसरा दावेदार उभा असतो, खुद्द गायक. आपल्याकडे शेवटचे ध्रुवपद म्हणजे गायकाने ‘जागा’ घेण्याचे ठिकाण. लांबवायच्या स्वरावर तो हरकत घेतो, छोटी तान टाकतो. त्या तीन सेकंदांवर दोघांचाही हक्क. सगळे एकत्र बसून ध्वनिमुद्रण करत तेव्हा हा प्रश्न तालमीत सुटे. गायकाने कुठे जागा घ्यायची हे ठरे आणि संयोजक तेवढ्या मात्रा पुसून टाकी. आता आवाज एका दिवशी आणि तंतुवाद्ये दुसऱ्या दिवशी मुद्रित होतात. त्यामुळे आधी गायलेल्या आवाजावर ओळ लिहिली तर ती नेमकी बसते, पण आधी तंतुवाद्ये वाजवून ठेवली तर गायकाची हरकत त्यांच्यावर आदळते. ऐकताना ही चूक ओळखायची खूण सोपी आहे: शेवटच्या ध्रुवपदात गायक आणि व्हायोलिन दोन्ही एकदम ‘बोलतात’ आणि दोघांपैकी कोणाचेच नीट आठवत नाही.

दुसरी सर्रास आढळणारी चूक म्हणजे चालच दुहेरी वाजवणे. गायक ‘रे’वरून ‘ग’वर जाताना मींड घेतो, ती दर वेळी थोडी वेगळी असते. वीस-पंचवीस व्हायोलिने एकाच वेळी तीच मींड घेऊ शकत नाहीत. ती पायरीपायरीने जातात. मग एकाच चालीचे दोन आराखडे एकमेकांवर येतात आणि आवाजाची कडा बोथट होते. गाणे ‘भरीव’ झाल्यासारखे वाटते, पण गायकाने केलेले बारीक काम झाकले जाते. भावगीताच्या जुन्या रसिकांचा वाद्यवृंदावर जो राग असे, त्याचे मूळ मला इथे दिसते. त्यांची तक्रार व्हायोलिनविरुद्ध नव्हती, आवाजावर आवाज चढवण्याविरुद्ध होती.

काउंटरला जागाच नसते अशीही गाणी आहेत. पोवाडा, भारूड किंवा ‘झिंगाट’सारखे शब्दांनी ठासून भरलेले गाणे घ्या. तिथे ओळीशेवटी आवाज थांबतच नाही, पुढची ओळ मागच्या ओळीच्या पाठीवर बसते. अशा गाण्यात तंतुवाद्यांनी ठेक्याला टेकू द्यावा, धून गाऊ नये.

करमाळ्याचे प्रेम आणि पंचेचाळीस तंतुवाद्ये

हा सगळा तपशील अर्थाशी कुठे जोडला जातो, हे ‘सैराट’ने दाखवले. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २०१६ चा. तो घडतो आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या करमाळा तालुक्यात. अजय-अतुल यांनी त्याच्या संगीतासाठी लॉस एंजेलिसमधल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर वाद्यवृंद वाजवून घेतला. तिथे मुद्रित झालेला तो पहिला भारतीय चित्रपट. नुसत्या तंतुवादकांची संख्या पंचेचाळीस होती.

तेव्हा या खर्चाविषयी आणि थाटाविषयी बरीच चर्चा झाली. माझा प्रश्न वेगळा होता: विहिरीवर, उसाच्या फडात, केळीच्या बागेत वाढणाऱ्या प्रेमाला हे परदेशी ऐश्वर्य कशासाठी? ‘याड लागलं’ लक्ष देऊन ऐकले की उत्तर मिळू लागते. अजय गोगावले यांचा आवाज गावातला आहे, उघडा, थोडा खरखरीत. शब्दही बोलीतले. तंतुवाद्ये मात्र त्या बोलीची नक्कल करत नाहीत. ओळींच्या मधल्या जागांत ती भरून येतात आणि त्या मुलाला स्वतःविषयी जे वाटते आहे, ते त्याच्या ऐपतीपेक्षा कितीतरी मोठ्या मापात मांडतात. आवाज सांगतो तो कोण आहे, आणि व्हायोलिने सांगतात त्याला आपण कोण झालो असे वाटते. दोघांनी एकच धून वाजवली असती तर हा फरक पुसला गेला असता. तो टिकतो, कारण दोन ओळी स्वतंत्र आहेत.

आणि हा फरक चित्रपटाच्या शेवटी वसूल होतो. अखेरच्या दृश्यात संगीत नाही. लहान मूल चालत जाते आणि पडद्यावर शांतता असते. तंतुवाद्यांनी उभारलेले मोठेपण त्या क्षणी दिग्दर्शक काढून घेतो. पूर्वार्धात ते भरभरून दिले नसते तर ती शांतता इतकी लागली नसती. म्हणून या गाण्यांतल्या तंतुवाद्यांना सजावट म्हणणे मला मान्य नाही. जात आणि गाव ज्यांना मोठे होऊ देणार नाहीत, अशा दोघांना गाण्यापुरते मिळालेले ते मोठेपण आहे.

हीच गाणी आमच्याकडे लग्नाच्या बँडवर वाजतात आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवरही. बँडमध्ये क्लॅरिनेट चाल वाजवते, बाकीची वाद्ये तीच चाल सप्तक बदलून धरतात. ट्रॅक्टरवर ठेका आणि आवाज एवढेच पुढे येते, व्हायोलिने त्या गोंगाटात विरतात. गाणे तरीही ओळखू येते आणि लोक नाचतात. यावरून कोणी म्हणेल की काउंटर गेले तरी काही बिघडत नाही. चाल ओळखण्यापुरते खरेच बिघडत नाही. पण बँडवर ऐकलेले ‘याड लागलं’ आनंदाचे गाणे असते, आणि चित्रपटातले फक्त आनंदाचे नाही. त्या दोन गाण्यांमधले अंतर म्हणजेच ती हरवलेली ओळ.

समीक्षकाने या ओळीकडे कसे पाहावे, याची एक साधी कसोटी मी वापरतो. हेडफोन लावून शेवटचे ध्रुवपद तीनदा ऐकायचे. पहिल्या वेळी फक्त आवाजाबरोबर गुणगुणायचे. दुसऱ्या वेळी आवाज सोडून फक्त तंतुवाद्यांबरोबर. तिथे गुणगुणण्याजोगी सलग ओळ सापडली नाही, नुसते तुकडे हाती आले, तर ते काउंटर नव्हे, भरती आहे. तिसऱ्या वेळी दोन्ही सोडून फक्त शब्द ऐकायचे. एखादे अक्षर व्हायोलिनखाली बुडत असेल तर ओळ कितीही सुंदर असो, चुकीच्या जागी लिहिली आहे. तिन्ही वेळा गाणे टिकले, की वेष्टनावर किंवा श्रेयनामावलीत संयोजकाचे नाव शोधायचे. पुष्कळदा ते मिळत नाही. संशोधनाचे काम तिथून सुरू होते: त्या काळचे वादक, त्यांनी जपलेल्या वह्या, घरोघरी पिवळे पडत चाललेले स्वरलेखनाचे कागद. चाल लोकांच्या ओठांवर टिकते, काउंटर मात्र त्या कागदावर आणि ध्वनिमुद्रणातच असते, आणि कागद रद्दीत गेला की ते कोणाचे होते हे सांगणारे काही उरत नाही.